लाडवांचा डबा, लाडूंचा डबा आणि 'फूलला पाणी'

प्रश्न: माझी आजी 'लाडवांचा डबा' म्हणायची, मी 'लाडूंचा डबा' म्हणते. मी 'म्हणलं' म्हटलं की आई अजूनही 'म्हटलं' असं दुरुस्त करते. आणि माझी सहा वर्षांची मुलगी 'फूलला पाणी घालते' म्हणते. आम्ही इंदूरला राहतो, त्यामुळे हा हिंदीचा परिणाम आहे असं सगळे सांगतात. भाषाशास्त्रात याला काही नाव आहे का? की सरळ चूकच म्हणायची?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात तीन उदाहरणं आहेत आणि खरं तर चौथंही आहे, ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. तुम्ही 'आम्ही इंदूरला राहतो' असं लिहिलंत, 'इंदुराला' असं नाही. 'फूल'चं 'फुलाला' व्हायला हवं, तर 'इंदूर'चं 'इंदुराला' का नको? तिथे तुम्हाला काही खटकत नाही, कारण तो बदल तुमच्या जन्माआधीच होऊन गेला. मुलीच्या तोंडचा बदल आज होतोय, म्हणून कानाला टोचतो.

याचं नाव सादृश्य. एका रूपाच्या नमुन्यावर दुसरं रूप घडवणं. त्याचे दोन प्रकार नीट वेगळे ठेवले तर तुमची सगळी उदाहरणं जागेवर बसतात. एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या रूपांत मूळ अंग वेगवेगळं दिसत असेल आणि बोलणारे ते सगळीकडे सारखं करून टाकत असतील, तर ते सपाटीकरण. शेतातला उंचवटा काढून टाकावा तसं. आणि एका शब्दगटाची रीत जिथे ती पूर्वी नव्हती अशा दुसऱ्या शब्दाला लागली, तर तो विस्तार. 'लाडवांचा'चं 'लाडूंचा' होणं हे सपाटीकरण. विस्ताराचं उदाहरण तुम्ही दिलेलं नाही, पण रोज वापरत असाल: 'रिक्षेत'. रिक्षा हा शब्द मुळात जपानी, इंग्रजीच्या वाटेनं आपल्याकडे आला. त्याला 'रिक्षेत' हे रूप कुणी शिकवलं नाही. परीक्षा-परीक्षेत, शाळा-शाळेत हे कानात होतं, त्यावरून रिक्षा-रिक्षेत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ हर्मान पाउल यानं 1880 च्या आपल्या ग्रंथात सादृश्य समजावलं ते असंच, त्रैराशिकासारखं: याचं ते, तर त्याचं काय?

ही रूपं मुळात वेडीवाकडी होतातच का, इथून सुरुवात करायला हवी. त्यासाठी तुमच्या आईचं 'म्हटलं' घेऊ, कारण या एका शब्दात सगळा प्रवास दिसतो.

मराठीत भूतकाळ करायची नेहमीची रीत म्हणजे धातूला 'ल' जोडणं: बस-बसला, धर-धरला, सुट-सुटला. पण काही धातूंचा एक लहान गट 'त' मध्ये घेऊन येतो: सांगितलं, मागितलं, बघितलं, घेतलं, धुतलं. 'म्हण' हा धातू याच गटातला. जुन्या मराठीत त्याचं रूप 'म्हणितलें' असं सापडतं. म्हणजे तेव्हा 'सांग-सांगितलें', 'माग-मागितलें', 'म्हण-म्हणितलें' अशी सरळ रांग होती, आणि 'म्हण' हा धातू रूपात पूर्ण ऐकू येत होता. पुढे मधला 'इ' गळाला. 'ण' आणि 'त' शेजारी आले. 'ण' म्हणताना जीभ टाळूकडे वळलेली असते, तिच्यापाठोपाठ 'त' म्हणायचा तर तोही वळतो आणि 'ट' होतो. मग 'म्हण्टलें', आणि अनुनासिक विरलं की 'म्हटलें'. आजही पुष्कळ लोक 'म्हंटलं' असा उच्चार करतात आणि तसंच लिहितात. शुद्धलेखनवाले त्यावर काट मारतात, पण त्या अनुस्वारात जुन्या 'ण'चा अवशेष आहे.

या प्रवासात कुणीही काही चुकवलेलं नाही. उच्चाराचे बदल आपापल्या नियमानं झाले. पण परिणाम असा झाला की 'म्हण' आणि 'म्हटलं' यांच्यात आता सरळ दुवा उरला नाही. 'सांग'वरून 'सांगितलं' ओळखता येतं. 'म्हण'वरून 'म्हटलं' हे पाठच करावं लागतं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडगर स्टर्टेव्हंट याच्या नावानं यातली गंमत ओळखली जाते: ध्वनिबदल नियमानं चालतो आणि अनियमित रूपं मागे ठेवून जातो, सादृश्य नियमाविना, कुठे लागू होईल कुठे नाही असं चालतं आणि रूपं नियमित करून जातं.

म्हणून तुमच्या पिढीचं 'म्हणलं'. 'धर-धरलं' तसं 'म्हण-म्हणलं', धातू पुन्हा पूर्ण ऐकू येऊ लागला. त्याला घरातलाच आणखी एक टेकू आहे. याच धातूचं 'तो म्हणाला' हे रूप आहे आणि त्यात 'म्हण' शाबूत आहे. एकाच धातूची दोन भूतकाळी रूपं, एकात 'म्हण', दुसऱ्यात 'म्हट'. अशा वेळी दुसरं पहिल्याकडे ओढलं जाणं अगदी अपेक्षित. आईला सांगा की 'म्हणलं' अजून प्रमाण लेखनात बसत नाही हे खरं, परीक्षेच्या पेपरात किंवा अग्रलेखात ते लिहू नये हेही खरं, पण ते आळसातून आलेलं नाही. उलट जुनी रांग परत लावण्याचा तो प्रयत्न आहे, फक्त 'त'वाल्या गटात परत न जाता 'ल'वाल्या मोठ्या गटात.

आता आजीचा डबा. ऊकारान्त पुल्लिंगी शब्दाला सामान्यरूपाचा 'आ' लागला की 'ऊ'चा 'व' होतो: विंचू-विंचवाला, भाऊ-भावाला, गहू-गव्हाला, लाडू-लाडवाला. नपुंसकलिंगी कुंकूही तसंच, कुंकवाला. ही जुनी रीत. मात्र भाषेत न बदलणारेही ऊकारान्त शब्द आले. 'चाकू' फारसीच्या वाटेनं आला, त्याचं 'चाकूनं' होतं, 'चाकवानं' कुणी म्हणत नाही. 'खडू'चं 'खडूनं', 'पेरू'चं 'पेरूच्या फोडी'. अशा शब्दांची संख्या वाढत गेली तसा जुना गट आकसत गेला, आणि नव्या मुलासमोर ऊकारान्त शब्द आला की न बदलणं हाच सोपा अंदाज ठरू लागला.

पण गट एकदम कोसळला नाही. 'भावाला' ठाम उभं आहे, कारण तो शब्द रोज शंभरदा कानावर पडतो. 'गव्हाचं पीठ' घराघरात आहे. 'विंचवाचं बिऱ्हाड' म्हणीत अडकलंय, तिथून हलणार नाही. 'कुंकवाचा करंडा' आणि 'कुंकवाचा धनी' हेही तसेच. लाडू मात्र मधोमध सापडला: सणासुदीला भरपूर ऐकू येतो, पण बहुतेक वेळा 'लाडू केले', 'लाडू दे', 'दोन लाडू खा' असा बिनप्रत्ययाचा. 'लाडवाचा', 'लाडवात' ही रूपं कानावर फारशी पडतच नाहीत. मूल 'लाडू' हजारदा ऐकतं आणि 'लाडवात' चार-दोनदा. त्यातलं कुठलं टिकेल?

हा वारंवारितेचा मुद्दा इंग्रजीत मोजून दाखवला गेलाय. 2007 साली 'नेचर'मध्ये एरेझ लिबरमन आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यातली 145 अनियमित राहिली होती, आजच्या इंग्रजीत 98. 'हेल्प'चं जुनं 'होल्प' जाऊन 'हेल्प्ड' झालं ते याच ओघात. त्यांना असं दिसलं की जे क्रियापद शंभरपट कमी वापरात असतं ते दहापट वेगानं नियमित होतं. मराठीत अशी मोजणी माझ्या पाहण्यात नाही, पण वाट तीच दिसते. आपली सगळ्यात बिनशिस्त भूतकाळी रूपं कोणती? केला, गेला, आला, झाला, दिला, मेला. आणि ही क्रियापदं सोडून पाच मिनिटं बोलून बघा. लहान मुलं 'मी करलं' म्हणतात, घरचे हसतात, आणि वर्ष-दोन वर्षांत 'केलं' पक्कं बसतं, कारण दिवसभर तेच कानावर आदळत असतं. मुलानं चूक केली म्हणून भाषा बदलत नाही. मोठं होईपर्यंत ती चूक दुरुस्त व्हायला पुरेसं ऐकायला मिळालं नाही, तर बदलते.

दुसरी गोष्ट मला व्यक्तिशः जास्त रंजक वाटते. सपाट झालेलं नवं रूप आलं की जुनं मरतंच असं नाही, ते कोपऱ्यात सरकतं. पोलिश भाषाशास्त्रज्ञ येझी कुरिलोविच यानं 1940 च्या दशकात मांडलेल्या सूत्रांत हे एक आहे: नवं रूप मुख्य कामाला लागतं, जुनं एखाद्या दुय्यम कामापुरतं उरतं. इंग्रजीत 'ब्रदर'चं साधं अनेकवचन 'ब्रदर्स' झालं आणि जुनं 'ब्रेदरेन' धर्मबंधूंपुरतं राहिलं. आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून सुबक वाटतं. रामायण सांगताना आपण 'रामाला वनवासात पाठवलं', 'सीतेला पळवलं' असंच म्हणतो. शेजारच्या घरात राम आणि सीता राहत असतील, तर 'रामला फोन कर', 'सीताला सांग'. 'आशेला जागा नाही' म्हटलं तर ती उमेद आणि 'आशाला जागा नाही' म्हटलं तर बसमधली बाई. 'भावाला' म्हणजे नातं आणि 'भाऊला' म्हणजे ज्याला सगळे भाऊ म्हणतात तो. एका पिढीत एक रूप होतं, आता दोन रूपं दोन कामं करतात.

नावांमध्येच हे आधी का झालं? नाव ही ओळखपट्टी असते, तिचं अंग बदललेलं बोलणाऱ्याला नको असतं. पुन्हा नाव आपण सर्वांत जास्त ऐकतो ते हाकेत किंवा यादीत, म्हणजे बिनप्रत्ययाचं. गावांच्या नावांतही तीच ओढ आहे, म्हणून तुमचं 'इंदूरला'. इथे एक बारकावा बघा. 'नागपूरला', 'नागपूरहून', 'नागपूरमध्ये' सगळं चालतं, पण 'त' लावायचा तर 'नागपुरात' असंच म्हणावं लागतं. 'नागपूरत' तोंडातून निघतच नाही, कारण 'त' हा एकटा व्यंजन-प्रत्यय आहे, त्याला टेकायला आधी स्वर हवा. म्हणून व्यंजनान्त शब्दांचं जुनं सामान्यरूप 'त'च्या आश्रयानं टिकून आहे. ते नको असेल तर लोक 'त'च टाळतात आणि 'मध्ये' वापरतात: 'कॉलेजात'ऐवजी 'कॉलेजमध्ये', 'ऑफिसात'ऐवजी 'ऑफिसमध्ये'. 'मध्ये' इतकं का बोकाळलंय अशी तक्रार भाषेवर प्रेम करणारे करतात; माझ्या मते त्याचं निदान अर्धं इथेच आहे. 'नाशकात' म्हणणारा माणूस भेटला की मी अजून त्याचं वय अदमासतो.

याच्या उलट गेलेले शब्दही आहेत, नाहीतर असं वाटेल की सगळं सपाटच होत चाललंय. 'बूट' इंग्रजीतून आला आणि 'फूल-फुलात'च्या नमुन्यावर 'बुटात' झाला. 'कॅमेरा' आला आणि 'डबा-डब्यात'सारखा 'कॅमेऱ्यात' झाला, वर अनेकवचन 'कॅमेरे'. हा विस्तार. रीत जिवंत असल्याची ही सर्वांत चांगली खूण, कारण नवा शब्द पाठ करून ठेवलेला नसतो, तो रीतीनंच चालवावा लागतो. आणि रीत कुठे थकतेय तेही नव्या शब्दांतच कळतं: 'कॅमेऱ्यात' सगळे म्हणतात, 'पिझ्झ्याचा' म्हणताना काही जण अडखळून 'पिझ्झाचा' म्हणतात, 'व्हिशाचा' बहुतेक कुणीच म्हणत नाही.

सपाटीकरणानं शब्दाचं मूळ रूपच जिंकतं असंही समजू नका. लॅटिनमध्ये 'मान' या अर्थाचा शब्द होता 'होनोस'. त्याची इतर रूपं 'होनोरिस', 'होनोरेम' अशी, कारण दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' झाला होता. कालांतरानं सपाटीकरण झालं ते उलट्या दिशेनं: प्रथमेचं रूपच बदलून 'होनोर' झालं. बाकीच्या सगळ्या रूपांत 'र' होता, त्यानं एकट्या 'स'ला ओढून घेतलं. पण 'फ्लोस', म्हणजे फूल, हा एकाक्षरी शब्द 'फ्लोस-फ्लोरिस' असाच राहिला. सादृश्य कुठे लागेल याचा कल सांगता येतो, हमी देता येत नाही, असं मी म्हणतो ते अशा उदाहरणांमुळे.

एक सावधगिरी सांगतो, कारण या विषयात नवशिके हमखास इथे घसरतात, मीही घसरलो होतो. सुटसुटीत रूप दिसलं की ते नवं आणि अवघड रूप जुनं असं धरून चालायचं नाही. गोव्याच्या कोकणीत 'ताणें सांगलें' म्हणतात, 'सांगितलें' नाही. विद्यार्थी असताना मी एका टिपणात बिनधास्त लिहिलं होतं की कोकणीनं 'सांगितलें' सपाट केलं. माझ्या शिक्षकांनी समासात एवढंच लिहिलं: 'आधी होतं हे कशावरून?' उत्तर माझ्याजवळ नव्हतं. दोन शेजारच्या भाषांत दोन रूपं असतील तर एकीनं जुनं मोडलं असेल, दुसरीनं नवं वाढवलं असेल, किंवा दोन्ही रीती पहिल्यापासून शेजारी नांदत असतील. आजची रूपं शेजारी ठेवून हे ठरत नाही. त्यासाठी जुन्या पोथ्या, पत्रं, छापील मजकूर चाळून कुठलं रूप कधी आणि कुठल्या भागात दिसतं ते बघावं लागतं. 'म्हटलं'बद्दल मी वर इतक्या खात्रीनं बोललो, कारण 'म्हणितलें' हाती आहे.

आता मुलीचं 'फूलला' आणि हिंदीचा आरोप. हा आरोप तपासता येतो. हिंदीत व्यंजनान्त पुल्लिंगी नाम एकवचनात बदलत नाही: फूल-फूल को, घर-घर को, पेड़-पेड़ को. म्हणून 'फूलला', 'घरला', 'झाडला' ही रूपं हिंदीच्या साच्यातून आलेली असू शकतात. पण ती मराठीच्या आतूनही येऊ शकतात, 'इंदूरला', 'रामला', 'मोबाईलला' ऐकून. दोन्ही कारणं एकच रूप देतात, त्यामुळे 'फूलला' ऐकून काहीच ठरत नाही.

ठरतं ते आकारान्त शब्दांवर. हिंदीत तिथे नाम बदलतं: घोड़ा-घोड़े को, डिब्बा-डिब्बे में. म्हणजे हिंदीच्या साच्यानं बोलणारी मुलगी 'फूलला' म्हणेल, पण 'घोडा' आला की तिला काहीतरी बदलायला हवं हे माहीत असेल. ती 'घोड्याला' म्हणेल, फार तर 'घोडेला'. ती 'घोडाला', 'डबात', 'पैसाला' म्हणत असेल तर ते हिंदीनं शिकवलेलं नाही. ते मराठीतलं सपाटीकरण तिनं स्वतः पुढे नेलंय.

तपासताना तिला 'घोडाला म्हणतात की घोड्याला' असं विचारू नका. सहा वर्षांची मुलंही परीक्षा ओळखतात आणि तुम्हाला हवं ते उत्तर देतात. त्याऐवजी खोटा शब्द वापरा. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून 'हा वग, आता हे दोन...' असं वाक्य पुरं करायला लावलं होतं. मुलांनी तो शब्द कधीच ऐकलेला नसल्यानं पाठांतराचा प्रश्न उरला नाही, रीत तेवढी दिसली. तुम्ही दोन चित्रं काढा. एका प्राण्याचं नाव 'टूग', दुसऱ्याचं 'ढोमा'. 'टूगला भूक लागली आहे' हे वाक्य तुम्ही स्वतः म्हणायचं नाही, तेवढं सांभाळा. 'हा टूग. याला भूक लागलीये. कुणाला भूक लागलीये?' असं विचारा, आणि तसंच ढोमाचं. 'टुगाला' आणि 'ढोम्याला' आलं तर तिची मराठी रीत शाबूत आहे आणि 'फूलला' ही एखाद्या शब्दापुरती गोष्ट आहे. 'टूगला' पण 'ढोम्याला' किंवा 'ढोमेला' असं आलं तर हिंदीचा संशय बळावतो. 'टूगला' आणि 'ढोमाला' दोन्ही आलं तर सगळ्यांना सांगा की हिंदीला उगाच दोष देऊ नका. फक्त चित्रातला प्राणी तिला पाळीव आणि लाडका वाटू लागला तर ती त्याला नाव समजेल, आणि नावाला तर आपण सगळेच 'रामला' म्हणतो; म्हणून 'हा एक टूग, तिकडे आणखी टूग आहेत' असं आधीच सांगून ठेवा.

हाच खेळ आजीच्या वयाच्या कुणाशी आणि स्वतःशीही खेळून बघा. तुमचं स्वतःचं 'ढोम्याला' न अडखळता येईल याची मला खात्री आहे. 'टूग'ला मात्र क्षणभर थांबाल.